बेरीज जुळली, ओळी सुटल्या

कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले चौफुलीचे गाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53, इथून रायपूरकडे जातो आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे उतरणारा रस्ता त्याला इथे छेदतो. आजूबाजूचा मुलूख धानाचा. हंगामात आधारभूत खरेदी सुरू झाली की प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ तयार होते : टोकन क्रमांक, नाव, सातबाऱ्यावरचे क्षेत्र, मोजलेले कट्टे, त्यांचे क्विंटल, रक्कम, बँक खाते. ही ओळ फुटली तर काय होते आणि ती पुन्हा कशी सांधता येते, ते मला इथे सविस्तर मांडायचे आहे. त्यासाठी घेतलेल्या पाच ओळी मी नमुन्यादाखल रचल्या आहेत, त्या कोणत्याही केंद्राच्या नाहीत. दर मात्र खरा आहे. 2023-24 च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलला 2183 रुपये होता. कट्टा 40 किलोचा धरला आहे.

टोकन 41 चे 60 कट्टे, म्हणजे 24 क्विंटल. टोकन 42 चे 35 कट्टे, 14 क्विंटल. टोकन 43 चे 90 कट्टे, 36 क्विंटल. टोकन 44 चे पुन्हा 35 कट्टे, 14 क्विंटल. टोकन 45 चे 22 कट्टे, 8.80 क्विंटल. एकूण 242 कट्टे, 96.80 क्विंटल आणि 2,11,314.40 रुपये. रकमेच्या रकान्यात आकडा टंकलेला नाही, सूत्र आहे : त्याच ओळीतले क्विंटल गुणिले 2183.

आता सर्वांत जास्त माल कोणाचा हे पाहायचे म्हणून कोणी क्विंटलचा रकाना वरून खालपर्यंत निवडतो आणि चढत्या क्रमाने सॉर्ट करतो. एक्सेल इथे सहसा थांबवून विचारते. `Sort Warning` नावाची चौकट येते आणि तिच्यात दोन पर्याय असतात : `Expand the selection` आणि `Continue with the current selection`. पहिल्याने पूर्ण ओळी हलतात, दुसऱ्याने फक्त निवडलेला रकाना. गूगल शीट्समध्ये निवडलेल्या भागावर `Sort range` चालवले तर तेवढाच भाग हलतो आणि कोणी काही विचारत नाही. सर्वांत फसवी जागा मात्र रिकाम्या रकान्याची. छापील नोंदवहीसारखे दिसावे म्हणून मध्ये एक कोरा रकाना सोडलेला असतो. एक्सेल सलग भरलेल्या घरांनाच एक तक्ता समजते, त्यामुळे कोऱ्या रकान्यापलीकडचा भाग त्याच्या लेखी वेगळा तक्ता ठरतो. अशा वेळी सॉर्ट करणाऱ्याने योग्यच पर्याय निवडला तरी अर्धी ओळ जागेवर राहते आणि अर्धी हलते.

सॉर्टनंतर क्विंटलचा रकाना असा दिसतो : 8.80, 14, 14, 24, 36. टोकन 41 समोर 24 ऐवजी 8.80 आले. 42 समोर 14 च राहिले, योगायोगाने बरोबर. 43 समोर 36 ऐवजी 14, 44 समोर 14 ऐवजी 24, आणि 22 कट्टे आणणाऱ्या 45 समोर 36. रकमेचे सूत्र आज्ञाधारकपणे नव्या क्विंटलांवर चालते. टोकन 43 ला 78,588 ऐवजी 30,562 रुपये दिसू लागतात, म्हणजे 48,026 रुपये कमी. टोकन 45 ला 19,210.40 ऐवजी 78,588.

आणि खालची बेरीज? तीच आहे. 242 कट्टे, 96.80 क्विंटल, 2,11,314.40 रुपये. ओळींची संख्या तीच, सरासरी तीच, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडाही तोच. आपल्याकडे हिशेब तपासण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत म्हणजे खालची बेरीज ताडून पाहणे. आकडा चुकीचा लिहिला गेला, एखादी नोंद गळली किंवा दुबार पडली, तर ती पद्धत अचूक बोट ठेवते. इथे एकही आकडा चुकलेला नाही. प्रत्येक आकडा खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच माणसासमोर उभा आहे, आणि बेरजेला माणूस दिसत नाही.

या जातीच्या बिघाडाची कागदोपत्री सर्वांत नीट उलगडलेली गोष्ट धानाची नाही, कर्करोगाच्या औषधांची आहे. तिथे रकाना सॉर्ट झाला नव्हता, एका घराने घसरला होता. पण ओळ फुटल्याचे कसे ओळखावे आणि कसे सिद्ध करावे, हे त्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी, जोसेफ नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध नोव्हेंबर 2006 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींमधली हजारो जनुके किती सक्रिय आहेत हे मोजून, कोणते औषध कोणत्या रुग्णाला लागू पडेल ते आधी सांगता येते, असा त्यांचा दावा होता. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांना ही पद्धत वापरायची होती. म्हणून त्यांनी आपल्याकडच्या संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांना, ती समजावून द्यायला सांगितले.

या दोघांपुढे होते ते कागद. छापील निबंध, त्याच्या पुरवणीत दिलेल्या जनुकांच्या याद्या, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली मूळ मोजमापे, आणि ड्यूकच्या गटाने दिलेला संगणक-प्रोग्राम. मूळ हिशेब कोणत्या पायऱ्यांनी झाला हे निबंधात पुरेसे लिहिलेले नव्हते. म्हणून त्यांनी उलटीकडून सुरुवात केली. यादीत दिलेली जनुके घेतली आणि औषधाला दाद देणाऱ्या व न देणाऱ्या पेशींमध्ये त्यांची मोजमापे शेजारी मांडली. ही जनुके त्या दोन गटांतला फरक दाखवतात म्हणूनच निवडली गेली, असे निबंध म्हणत होता. पण रंगांच्या पटावर मांडल्यावर फरक दिसेना. मग त्यांनी यादीतल्या प्रत्येक जनुकाऐवजी मूळ तक्त्यातले त्याच्या लगतचे जनुक घेतले, आणि दोन गट लख्ख वेगळे झाले.

नावांची यादी आकड्यांच्या तक्त्यापासून वेगळी ठेवलेली होती, आणि शीर्षकाच्या एका ओळीमुळे नावे आकड्यांच्या तुलनेत एक घर सरकली होती. प्रोग्रामचा अंतर्गत हिशेब आकड्यांवर चालत असल्याने त्याला काहीच खटकले नाही. चुकीची होती ती छापलेली नावे. एकाच पायरीने सरकवल्यावर यादीच्या यादी जुळते, तेव्हा तो योगायोग असूच शकत नाही. घसरण सिद्ध करणारा पुरावा म्हणजे ती दुरुस्त केल्यावर अचानक लागणारा हा मेळ.

नोव्हेंबर 2007 मध्ये बॅगर्ली, कूम्ब्स आणि जिंग वाँग यांचे पत्र त्याच नियतकालिकात छापून आले. 2009 मध्ये बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी सविस्तर निबंध लिहिला आणि त्यात याहून गंभीर दोष दाखवले : दाद देणारे आणि न देणारे अशा चिठ्ठ्यांची अदलाबदल, आणि तेच नमुने पुन्हा पुन्हा आलेले, काही तर परस्परविरोधी चिठ्ठ्यांसह. दरम्यान ड्यूकमध्ये या पद्धतीवर आधारलेल्या, खऱ्या रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या 2010 मध्ये बंद पडल्या आणि मूळ निबंध जानेवारी 2011 मध्ये मागे घेतला गेला. पुढे 2015 मध्ये अमेरिकी शासनाच्या चौकशी कार्यालयाने या प्रकरणात संशोधनातील गैरवर्तनाचा निष्कर्षही नोंदवला. तो भाग एका घराच्या घसरणीपेक्षा वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत करू नये.

एका घराची घसरण सापडली की एकाच हालचालीने सारे दुरुस्त होते. सॉर्टमध्ये तशी सोय नाही, प्रत्येक आकडा आपापल्या वेगळ्या अंतराने हललेला असतो. दहा ओळींचा रकाना मांडण्याच्या 36,28,800 रीती आहेत. त्यांतली मूळची कोणती होती हे त्या रकान्याकडे कितीही वेळ पाहून कळणार नाही, कारण सॉर्टने नेमकी तीच माहिती पुसली आहे. ती दुसरीकडून आणावी लागते. कोहमाऱ्याच्या नमुन्यात ती कट्ट्यांच्या रकान्यात आहे, कारण कट्टे काट्यावर मोजले गेले आणि क्विंटलांशी त्यांचे नाते ठरलेले आहे.

कट्टे E रकान्यात आणि क्विंटल F मध्ये असतील तर शेजारच्या कोऱ्या रकान्यात हे सूत्र प्रत्येक ओळीपुढे लिहावे :

```
=ROUND(F2-E2*0.4, 2)
```

ओळ शाबूत असेल तर उत्तर शून्य. आपल्या पाच ओळींत उत्तरे येतात उणे 15.20, 0, उणे 22, 10 आणि 27.20. चार ओळी फुटल्या आहेत हे तर कळतेच, पण माझ्या मते याहून बोलका आहे तो या पाचांच्या बेरजेचा आकडा : शून्य. टंकताना झालेल्या चुका इतक्या ओळींत पसरूनही एकमेकींना नेमक्या फेडत नाहीत. फरक मोठे, पुष्कळ ओळींत, आणि तरी त्यांची बेरीज शून्य, असे दिसले की आकडे बदललेले नसून त्यांची जागा बदलली आहे असे समजावे.

दुसरी खूण सॉर्ट झालेल्या रकान्यावरच असते. शेतकरी केंद्रावर मालाच्या वजनाच्या क्रमाने येत नाहीत. टोकन आलेल्या क्रमाने लागले आहेत आणि त्याच वेळी क्विंटल एकदाही न उतरता चढत गेले आहेत, हे एकत्र संभवत नाही. पाच ओळींत एखाद वेळी योगायोग म्हणता येईल, वीस ओळींत नाही. वरचा आकडा खालच्याहून मोठा किती ठिकाणी आहे ते असे मोजता येते :

```
=SUMPRODUCT((F3:F201<>"")*(F2:F200>F3:F201))
```

रकाना चढत्या क्रमाने सॉर्ट झालेला असेल तर उत्तर शून्य. उतरता असेल तर चिन्ह उलटे करावे. नावांचा रकाना अकारविल्हे लागलेला आणि टोकन मात्र आल्या क्रमाने, हीसुद्धा तीच खूण. आकडे मजकूर म्हणून साठवलेले असतील, तर त्यांचा क्रम अक्षरांसारखा लागतो, 14, 24, 36 आणि त्यानंतर 8.80. असा विचित्र चढ दिसला तरी तो सॉर्टच आहे.

बिघाडानंतरही नोंदी चालू राहिल्या असतील तर ही खूण आणखी एक गोष्ट सांगते, आणि कागदपत्रांवर काम करणाऱ्याला ती सोन्यासारखी आहे. समजा रकाना 180 व्या ओळीपर्यंत चढत गेला आणि 181 पासून आकडे पुन्हा वरखाली होऊ लागले. याचा अर्थ 180 वी नोंद झाल्यानंतर आणि 181 वी होण्यापूर्वी कोणी तरी सॉर्ट केले. त्या दोन ओळींपुढच्या खरेदीच्या तारखा पाहिल्या की घटनेची वेळ सापडते. त्या तारखेआधी काढलेली प्रत, छापील पान, पाठवलेला ईमेल यांवर विश्वास ठेवता येतो. नंतरच्या प्रती कितीही नीटनेटक्या असल्या तरी त्या बिघडलेल्या फाइलीची लेकरे.

कोणता रकाना हलला हे ठरवताना एक सापळा आहे. क्विंटल आणि रक्कम एकमेकांशी तंतोतंत जुळतात, कट्टे मात्र दोघांशीही जुळत नाहीत. वरवर पाहता दोन विरुद्ध एक, म्हणजे कट्टे चुकीचे. पण रक्कम हा स्वतंत्र साक्षीदार नाही, ती क्विंटलांवरून सूत्राने निघाली आहे आणि क्विंटल जे सांगतील तेच ती पुन्हा सांगते. एकाच बखरीच्या दोन नकला जुळल्या म्हणून त्यातली हकीकत दोनदा सिद्ध झाली असे इतिहासात कोणी धरत नाही, इथेही धरू नये. म्हणून मते मोजण्याआधी प्रत्येक रकान्यातले सूत्र उघडून पाहावे आणि हाताने भरलेला कोणता, निघालेला कोणता, हे ठरवावे. हाताने भरलेले आणि बाहेरच्या कागदाशी ताडता येणारे तेवढेच साक्षीदार.

बिघाड ताजा असेल तर काही करण्याआधी फाइल बंद करू नये. ती उघडी असेपर्यंत `Ctrl+Z` ने मागे जाता येते. बंद केल्यावर तो मार्ग संपतो. गूगल शीट्समध्ये, तसेच वनड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलींमध्ये, जुन्या आवृत्त्यांचा इतिहास राहतो. यांतले काहीच नसेल तर बिघडलेल्या फाइलीची प्रत काढून ती तशीच बाजूला ठेवावी आणि काम दुसऱ्या प्रतीवर करावे. बिघडलेला रकाना फेकण्याजोगा नाही, तो पुढे पडताळ्याला लागतो.

तो असा. कट्ट्यांवरून क्विंटल नव्या रकान्यात, समजा H मध्ये, पुन्हा काढले : 24, 14, 36, 14, 8.80. हे बरोबर आहेत कशावरून? बिघडलेल्या रकान्यात सर्व खरे आकडे अजून आहेत, फक्त क्रमाने लागलेले. म्हणून नव्याने काढलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले तर ते बिघडलेल्या रकान्याशी एकास एक जुळलेच पाहिजेत :

```
=ROUND(SMALL($H$2:$H$6, ROW()-1) - F2, 2)
```

पाचही ठिकाणी शून्य आले तर पुनर्रचना पूर्ण झाली. एखाद्या जागी शून्य आले नाही, तर तो सॉर्टचा दोष नव्हे. तिथे पूर्वीपासूनच काही वेगळे होते, अर्धवट भरलेला कट्टा किंवा टंकनाची चूक, आणि H मध्ये तो आकडा ज्या टोकनापुढे आहे त्याची काटापट्टी काढून पाहावी लागेल. सॉर्टची चूक निस्तरताना तिच्याआधीच्या चुका अशा वर येतात. त्या मुकाट्याने मिटवून टाकू नयेत, वेगळ्या नोंदवाव्यात.

क्विंटलांचे हे सुदैव की त्यांना कट्ट्यांचा आधार आहे. खाते क्रमांकाचा रकाना सॉर्ट झाला तर असा आधार फाइलीत कुठेच नसतो. खाते क्रमांक आणि क्षेत्र यांच्यात गणित नाही. आधार क्रमांकाचा रकाना असेल तर त्याचा शेवटचा अंक तपासणीचा असतो, पण क्रमांकाचे अंक आपसात जुळतात एवढेच तो सांगतो, तो या ओळीतल्या माणसाचा आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही. त्यात एनईएफटीसारख्या व्यवहारांत पैसे खाते क्रमांकावरून जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच बँकांना दिली होती. पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय एनईएफटी-आरटीजीएससाठी बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असे डिसेंबर 2024 मध्ये तिने सांगितले. म्हणजे ज्या रकान्याची चूक फाइलीतून ओळखता येत नाही, त्याच रकान्यावरून पैसा वळतो.

अशा वेळी बाहेरच्या कागदाशिवाय गत्यंतर नाही : पासबुकाची प्रत, नोंदणीचा अर्ज, आधीच्या हंगामाची यादी. जुनी यादी हाती असेल तर खाते क्रमांक दोन्ही याद्यांत तोच असलेल्या टोकन किंवा नोंदणी क्रमांकावरून ओढावा :

```
=INDEX(old!$G$2:$G$300, MATCH(A2, old!$A$2:$A$300, 0))
```

शेवटचे ते शून्य महत्त्वाचे. ते गाळले तर एक्सेल तंतोतंत क्रमांकाऐवजी जवळचा क्रमांक स्वीकारते, आणि एक गोंधळ निस्तरताना दुसरा तयार होतो. नावावरून कधीच ओढू नये. एका गावात एकाच नावाचे आणि वडिलांचेही एकच नाव असलेले दोन शेतकरी सहज असतात आणि `MATCH` दोघांनाही पहिल्याचेच खाते देईल. क्विंटलांत टोकन 42 आणि 44 या दोघांचे 14 होते. त्यांची आपसात अदलाबदल झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. नावांच्या जोडीत मात्र दोन वेगळी खाती आहेत, आणि ती जोडी फाइलीवरून सोडवता येत नाही. ज्या ओळींना कागद सापडत नाही त्यांचे घर कोरे ठेवून ओळ वेगळ्या रंगाने खूण करावी आणि देयकाच्या यादीतून बाजूला काढावी. अंदाजाने भरलेले खाते आणि पासबुकावरून भरलेले खाते एकदा शेजारी बसले की पुढे कोणालाही त्यांतला फरक दिसत नाही.

नव्या फाइलीत पहिल्या रकान्यात अनुक्रमांक टंकावा, `=ROW()-1` सारख्या सूत्राने आणू नये. सूत्र सॉर्टनंतर नव्याने मोजते आणि कायम 1, 2, 3 च दाखवते. टंकलेला आकडा ओळीबरोबर हलतो, आणि पूर्ण ओळी हलल्या असतील तर त्याच्यावरून मूळ क्रम परत लावता येतो. एकटा रकाना हलला असेल तर मात्र हा अनुक्रमांकही कामाचा नाही. त्यासाठी सगळा भाग निवडून `Ctrl+T` ने त्याचे टेबल करावे, त्यात सॉर्ट केले की ओळ अखंड हलते. आणि वरचे फरकाचे सूत्र तपासणीपुरते न ठेवता शेवटच्या रकान्यात कायमचे असू द्यावे, खाली त्याच्या बेरजेऐवजी शून्य नसलेल्या ओळींची संख्या :

```
=COUNTIF(K2:K300, "<>0")-COUNTBLANK(K2:K300)
```

दुरुस्त फाइल पुढे देताना तिच्यासोबत एक पान जावे. कोणता रकाना हलला होता, कोणत्या दोन नोंदींच्या दरम्यान, किती ओळी कट्ट्यांवरून जुळवल्या, किती काटापट्टीवरून, किती पासबुकावरून, आणि कोणती टोकने अजून अनिर्णीत आहेत. आपल्या नमुन्यात ते पान असे होईल : क्विंटलचा रकाना सॉर्ट झालेला, पाचही ओळी कट्ट्यांवरून पुन्हा काढल्या, त्यांपैकी टोकन 42 ची मुळातच बरोबर होती, पडताळ्यात सर्व फरक शून्य, अनिर्णीत एकही नाही. बिघडलेली प्रत सोबत जोडली आहे.